उणे तेराचा ताळा

फोंड्यात पाऊस लागला की आधी वीज जाते, मग नेटवर्क, आणि परवा त्यापाठोपाठ माझी अब्रूही गेली. मुलगी आठवीत. तिचं गणित अडलं होतं. मी एका पतसंस्थेत एकवीस वर्षं खतावण्या जुळवतोय, त्यामुळे "आण इकडे" म्हणताना आवाजात थोडा माज होता. मोबाइलच्या टॉर्चमध्ये पुस्तकातलं गणित जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवलं. चष्मा ऑफिसात राहिला होता. पण आकड्यांना कसला चष्मा?

(x + 5)/2 − (x − 1)/3 = 4

दोन आणि तीनचा लसावि सहा. सहाने गुणलं, छेद उडाले:

3(x + 5) − 2(x − 1) = 4

कंस सोडवले, x + 17 = 4 झालं. म्हणजे x = −13. दीड मिनिट!

"बाबा, ताळा?" ती म्हणाली.

मला कोण ताळा विचारतं! तरी घातला. पण दुसऱ्या ओळीत घातला, कारण पहिलीत अपूर्णांक होते. ज्यांना नुकतंच घराबाहेर काढलं त्यांच्याच दारात पुन्हा कशाला जा? उणे तेरात पाच मिळवले, उणे आठ. त्याची तिप्पट उणे चोवीस. उणे तेरातून एक काढला, उणे चौदा. त्याला उणे दोनने गुणलं, अधिक अठ्ठावीस. बेरीज चार. उजवीकडेही चार. मी पेन्सिल कानावर ठेवली.

"बाई सांगतात, किंमत पहिल्या ओळीत घालायची."

घातली. उणे आठ भागिले दोन, उणे चार. त्यातून उणे चौदा तृतीयांश वजा करायचे, म्हणजे मिळवायचे. डावी बाजू आली दोन तृतीयांश. उजवीकडे मात्र चार ठाण मांडून बसलेले.

स्वयंपाकघरातून बांगड्यांना रवा लावता लावता बायको म्हणाली, "अहो, खतावणी कीर्दीशी जुळली म्हणून पावती बघायचीच नाही का?" ऑफिसात हेच वाक्य मी नव्या पोरांना रोज ऐकवतो. दुसरी ओळ माझ्याच हातची. तिच्यात चूक असेल तर तिच्यापासून काढलेलं उत्तर तिच्यात बसणारच. चोराची साक्ष चोराच्याच भावाने द्यावी, तसं.

पोरीने मात्र त्या दोन तृतीयांशाकडे बारीक नजरेने पाहिलं. "याला सहाने गुणलं तर चार येतात, बाबा." खरंच की! डावीकडे मी सहाने गुणलं होतं आणि उजवीकडचा चार तसाच ठेवला होता. त्याला छेद नाही म्हणून तो गुणाकारातून सुटला, असं मी परस्पर ठरवून टाकलेलं. तिथे चोवीस हवे होते.

चोवीस घालून पुन्हा सोडवलं, या वेळी x = 11. आता थेट पहिल्या ओळीत गेलो: सोळा भागिले दोन आठ, त्यातून दहा तृतीयांश गेले, उरले चौदा तृतीयांश. पुन्हा चार नाहीत! आणि या फरकातून काही उमगतही नव्हतं. मग अकराला वरून खाली प्रत्येक ओळीत बसवत गेलो. छेद उडवलेल्या ओळीत डावीकडे अठ्ठावीस, उजवीकडे चोवीस, बसेना. त्याखालच्या ओळीत,

3x + 15 − 2x − 2 = 24

चपखल बसला. म्हणजे पाणी शिरलं ते या दोन ओळींच्या मध्ये. कंसाबाहेरचं उणे दोन आतल्या उणे एकला भेटलं की अधिक दोन व्हायला हवेत. मी उणे दोन लिहिले होते. सुधारलं, x = 7 आलं. बारा भागिले दोन सहा, सहा भागिले तीन दोन, सहातून दोन गेले चार. उजवीकडेही चार. ताळा पहिल्या ओळीत आणि अपूर्णांकांसकट!

तेवढ्यात वीज आली. पंखा फिरला, कॅलेंडर फडफडलं आणि पोरीने पुस्तकाची शेवटची पानं उघडली.

"बाबा, इथे उत्तर तेरा आहे."

पुस्तक चुकलंय, छापणारे हल्ली काहीही छापतात, असं मी सुरू केलं. तोवर तिने पान मागे उलटून गणितावर बोट ठेवलं. उजवीकडे पाच होते. टॉर्चच्या उजेडात मी चार वाचलेले. माझा सात पहिल्या ओळीत बसला खरा, पण ती पहिली ओळ कॅलेंडरवरची होती, पुस्तकातली नव्हे. पोरीने तेरा घालून पाहिला: अठरा भागिले दोन नऊ, बारा भागिले तीन चार, नऊतून चार गेले पाच.

बायको बांगडे घेऊन बाहेर आली. पोर तिला म्हणाली, "आई, बाबांचं पहिलंच उत्तर जवळजवळ बरोबर होतं. फक्त उणे जास्तीचं होतं."