रेषा वाय-अक्षाच्या जरा डावीकडे छेदल्या, तर कॉम्पिटिटिव्ह की मिक्स्ड? एका प्रतिक्रियेला उत्तर

चोपड्याहून एका वाचकाची प्रतिक्रिया: "सर, लाइनविव्हर-बर्क प्लॉटवरून इनहिबिटरचा प्रकार ओळखायचा तुमचा 'रेषा कुठे छेदतात ते बघा, वाय-अक्षावर छेदल्या तर कॉम्पिटिटिव्ह' हा नियम आकड्यांच्या प्रश्नात फसतो. सराव प्रश्न केळीच्या पॉलिफिनॉल ऑक्सिडेजचा होता. कॅटेकॉल ०.५, १, २, ८ मिलिमोलर. इनहिबिटरशिवाय वेग २०, ३३.३, ५०, ८०. इनहिबिटर ३ मिलिमोलर टाकून वेग १२.२, २०, ३३.३, ६६.७. मी कॅल्क्युलेटरवर रिग्रेशन काढलं, रेषा वाय-अक्षाच्या डावीकडे छेदल्या, म्हणून 'मिक्स्ड' लिहिलं. उत्तरात 'कॉम्पिटिटिव्ह' आहे. स्लोप तर नॉनकॉम्पिटिटिव्हमध्येही वाढतो, मग ओळखायचं कशावरून? आणि हा प्लॉट आता कोणी वापरतही नाही म्हणतात, मग शिकायचा कशाला?"

भाऊ, आकडे दिलेत म्हणून नेमकं बोलता येईल. उत्तरपत्रिका बरोबर आहे, आणि तुमच्या रिग्रेशनमध्येही बेरीज-गुणाकाराची चूक नाही. मी ते पुन्हा करून पाहिलं: इनहिबिटरच्या रेषेचा इंटरसेप्ट ०.०१२ आणि स्लोप ०.०३५६ येतो. अडचण अशी की कॅल्क्युलेटरने चारही बिंदूंना सारखाच मान दिला आणि या प्लॉटवर तो देता येत नाही.

आधी रेषेचं समीकरण समोर ठेवू. v म्हणजे वेग, [S] म्हणजे सबस्ट्रेटची, इथे कॅटेकॉलची, संहती, व्हीमॅक्स म्हणजे कमाल वेग आणि केएम म्हणजे ज्या संहतीला वेग व्हीमॅक्सच्या निम्मा होतो ती. आडव्या अक्षावर १/[S], उभ्या अक्षावर १/v, म्हणून याला डबल रेसिप्रोकल प्लॉटही म्हणतात.

```
1/v = 1/Vmax + (Km/Vmax) × 1/[S]
```

इनहिबिटरशिवायचे आकडे उलटे केले की १/[S] हे २, १, ०.५, ०.१२५ येतं आणि १/v हे ०.०५, ०.०३, ०.०२, ०.०१२५. चारही बिंदू एका रेषेत बसतात: इंटरसेप्ट ०.०१, म्हणजे व्हीमॅक्स १००, स्लोप ०.०२, म्हणजे केएम २ मिलिमोलर. ही रेषा एक्स-अक्षाला −०.५ वर छेदते. तो आकडा केएम नव्हे, तो −१/केएम आहे. म्हणूनच केएम वाढला की हा छेद शून्याच्या जवळ सरकतो. परीक्षेत इथे बरेच जण दिशा उलटी धरतात.

आता स्लोपबद्दलची तुमची शंका. ती अगदी रास्त आहे, आणि खरा प्रश्न तोच आहे. समजा इनहिबिटरमुळे १ + [I]/Ki हा गुणक २ होतो; [I] म्हणजे इनहिबिटरची संहती आणि Ki म्हणजे त्याच्या पकडीचा आकडा, जितका लहान तितकी पकड घट्ट. इनहिबिटर कॉम्पिटिटिव्ह असेल तर केएम २ चा ४ होईल, व्हीमॅक्स १०० राहील आणि स्लोप ०.०४ होईल. शुद्ध नॉनकॉम्पिटिटिव्ह असेल तर केएम २ राहील, व्हीमॅक्स ५० वर येईल आणि स्लोप पुन्हा ०.०४ होईल. स्लोप दोन्हीकडे तंतोतंत सारखा. त्यावरून प्रकार ठरवायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही. फरक फक्त इंटरसेप्टमध्ये आहे: एकीकडे ०.०१, दुसरीकडे ०.०२.

इंटरसेप्टमध्येच का, हे कारणासकट लक्षात ठेवा, मग पाठांतर लागत नाही. वाय-अक्ष म्हणजे १/[S] शून्य, म्हणजे सबस्ट्रेट अमर्याद. कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटर मोकळ्या एन्झाइमलाच चिकटतो आणि सबस्ट्रेट बसला की त्याला जागा उरत नाही. सबस्ट्रेट पुरेसा झाला की त्याचा परिणाम संपतो. म्हणून दोन्ही रेषा वाय-अक्षावर एकाच ठिकाणी येतात. नॉनकॉम्पिटिटिव्ह इनहिबिटर मोकळ्या एन्झाइमला आणि सबस्ट्रेट बसलेल्या एन्झाइमला सारख्याच ओढीने चिकटतो. सबस्ट्रेट कितीही ओतला तरी एन्झाइमचा तेवढा हिस्सा बंदच राहतो. दोन्हींना चिकटतो पण ओढ सारखी नसते, तो मिक्स्ड.

याचा अर्थ, निकाल देणारी माहिती जास्त सबस्ट्रेटच्या बिंदूंमध्ये असते. वरच्याच गुणकाने दोन्ही प्रकारांचे अपेक्षित वेग काढून बघा:

| कॅटेकॉल (मिलिमोलर) | इनहिबिटरशिवाय | कॉम्पिटिटिव्ह | नॉनकॉम्पिटिटिव्ह |
|---|---|---|---|
| ०.५ | २० | ११.१ | १० |
| १ | ३३.३ | २० | १६.७ |
| २ | ५० | ३३.३ | २५ |
| ८ | ८० | ६६.७ | ४० |

०.५ मिलिमोलरला ११.१ आणि १०. एवढा फरक पिपेट जरा इकडेतिकडे झाला तरी पडतो. ८ मिलिमोलरला मात्र ६६.७ आणि ४०, तिथे शंकेला जागाच नाही. पण डबल रेसिप्रोकल प्लॉटवर हा ८ वाला बिंदू वाय-अक्षाला खेटून कोपऱ्यात बसतो आणि ०.५ वाला दूर उजवीकडे एकटा उभा असतो. साध्या रिग्रेशनमध्ये असा दूरचा एकटा बिंदू रेषेला आपल्याकडे ओढतो.

तुमच्या प्रश्नात नेमकं हेच झालंय. तक्त्यातला कॉम्पिटिटिव्हचा रकाना आणि तुमचे आकडे शेजारी ठेवा. तीन बिंदू तेच आहेत, फक्त पहिला ११.१ च्या जागी १२.२ आहे. प्रश्न काढणाऱ्याने प्रयोगात होते तशी १.१ ची चूक मुद्दाम ठेवलेली दिसते, आणि मला ते चांगलं वाटतं, कारण खऱ्या मोजमापात असंच घडतं. उलटं केल्यावर ०.०९ चं ०.०८२ झालं, रेषेचं उजवं टोक खाली आलं आणि डावीकडे इंटरसेप्ट ०.०१ वरून ०.०१२ वर गेला. व्हीमॅक्स १०० चा ८३ दिसू लागला आणि छेद वाय-अक्षाच्या डावीकडे गेला. तीच चूक उलट बाजूला होऊन १० वाचलं गेलं असतं, तर इंटरसेप्ट ०.००७५ आला असता, व्हीमॅक्स १३३ दिसला असता आणि रेषा वाय-अक्षाच्या उजवीकडे छेदल्या असत्या. इनहिबिटर एकच, आणि एका बिंदूवरच्या १.१ च्या फरकाने व्हीमॅक्स ८३ पासून १३३ पर्यंत हलतो.

तेवढीच १.१ ची चूक ८ मिलिमोलरला झाली तर? ६६.७ चं ६५.६ होईल आणि १/v ०.०१५०० चं सुमारे ०.०१५२५. ०.५ मिलिमोलरला ११.१ चं १० झालं की १/v ०.०९ चं ०.१० होतं. उलटं केल्यामुळे लहान वेगावरची चूक इथे सुमारे चाळीस पट फुगली.

तेव्हा रेषा काढल्यावर लगेच प्रकार लिहू नका, रेषेला परत वेगात बदलून बघा. तुमच्या रेषेप्रमाणे ८ मिलिमोलरला १/v ०.०१२ + ०.०३५६ × ०.१२५, म्हणजे ०.०१६४५ येतं, म्हणजे वेग ६०.८. मोजलेला वेग आहे ६६.७. पहिला बिंदू सांभाळण्यासाठी तुमच्या रेषेने सगळ्यात भरवशाचा बिंदू जवळजवळ सहा एककांनी चुकवला. याउलट ०.०१ + ०.०४ × १/[S] ही कॉम्पिटिटिव्ह रेषा तीन बिंदू बरोबर गाठते आणि फक्त पहिला १.१ ने चुकवते. दुसरी तपासणी त्याहून सोपी: सगळ्यात कमी सबस्ट्रेटचा बिंदू झाकून रेषा पुन्हा काढा. तुमच्या आकड्यांत इंटरसेप्ट लगेच ०.०१ वर परततो. इनहिबिटर खरंच मिक्स्ड असता तर हा बिंदू काढून इंटरसेप्ट एवढा हलला नसता.

परीक्षेत रिग्रेशनला वेळ नसतो. तिथे मी आधी प्लॉट काढतच नाही. प्रत्येक सबस्ट्रेटला 'इनहिबिटरसह वेग भागिले इनहिबिटरशिवाय वेग' एवढंच काढा. तुमचे भागाकार ०.६१, ०.६०, ०.६७, ०.८३ असे येतात. पहिला जरा डळमळीत, पण पुढे आकडा १ कडे चढत जातो: सबस्ट्रेट इनहिबिटरला हटवतोय. नॉनकॉम्पिटिटिव्हमध्ये हाच भागाकार सगळीकडे ०.५ राहिला असता. अनकॉम्पिटिटिव्ह इनहिबिटर सबस्ट्रेट बसलेल्या एन्झाइमलाच चिकटतो, म्हणून तिथे तो उलटा उतरतो, याच गुणकाने ०.८३ वरून ०.५६ पर्यंत. मिक्स्डमध्ये तो बहुधा चढतो, पण १ च्या अलीकडेच अडतो, म्हणून कॉम्पिटिटिव्ह आणि मिक्स्ड यांत निवड करायची तर केएमच्या निदान चौपट सबस्ट्रेटवरचा बिंदू हवाच. दिलेले सगळे बिंदू केएमच्या खालचे असतील तर त्या आकड्यांतून ही निवड खात्रीने होत नाही.

प्रकार ठरल्यावर Ki काढणं एका ओळीचं काम आहे. स्लोप ०.०२ चा ०.०४ झाला, म्हणजे १ + ३/Ki = २ आणि Ki ३ मिलिमोलर. इथे स्लोप कामाला येतो.

प्लॉट शिकायचा कशाला, याचंही उत्तर देतो. लाइनविव्हर आणि बर्क यांनी तो १९३४ मध्ये मांडला. आज केएम आणि व्हीमॅक्सचा आकडा संगणकावर मूळ वक्र थेट बसवून काढतात आणि तेच योग्य आहे. सरळ रेषाच बसवायची असेल आणि वेगातली चूक सगळीकडे सारखी असेल, तर प्रत्येक बिंदूला v च्या चौथ्या घाताइतकं वजन द्यावं लागतं. तक्त्यातल्या ६६.७ आणि ११.१ मध्ये सहा पट फरक आहे, म्हणून वजनात १२९६ पट फरक पडतो. प्रकार नजरेने ओळखायला आणि दुसऱ्यांना दाखवायला मात्र हा प्लॉट अजून वापरात आहे, आणि प्रश्नपत्रिकांत तो येतोच.

आपल्या केळीच्या पट्ट्यात हे प्रॅक्टिकल गराचा अर्क आणि कॅटेकॉल घेऊन ४२० नॅनोमीटरवर करणं सोपं आहे, म्हणून दोन फसव्या गोष्टी सांगून ठेवतो. एक, इनहिबिटर म्हणून ॲस्कॉर्बिक आम्ल घेऊ नका. एन्झाइम कॅटेकॉलचं रंगीत क्विनोन करतं, आणि ॲस्कॉर्बिक आम्ल त्या क्विनोनला पुन्हा कॅटेकॉल करतं, त्यामुळे सुरुवातीला रंगच वाढत नाही आणि ते संपलं की रंग चढू लागतो. एन्झाइम चालूच असतं. अशा वाचनांचा प्लॉट काढण्यात अर्थ नाही. दोन, भागाकार सगळीकडे सारखा आला म्हणजे इनहिबिटर नॉनकॉम्पिटिटिव्हच आहे असं नाही. एन्झाइमला कायमचा बंद करणारा पदार्थही हुबेहूब तेच चित्र देतो, कारण उरलेलं एन्झाइम नेहमीच्याच केएमने काम करतं, फक्त ते कमी असतं. ओळखायचं असेल तर एन्झाइम आणि इनहिबिटर ५ मिनिटं आणि ३० मिनिटं एकत्र ठेवून वेग मोजा, सोबत इनहिबिटर नसलेली नळीही तेवढाच वेळ ठेवा. तिच्या तुलनेत वेग वेळेबरोबर घसरत गेला, आणि मिश्रण बरंच पातळ करूनही परतला नाही, तर तिथे Ki काढू नका.