धुराचा सीन, दोन खिडक्या अन् ९४ चा आकडा

मागं मी एका नाटकाच्या रेकॉर्डिंगच्या तुलनेचा व्हिडिओ टाकला होता, डावीकडं कॅमेऱ्यातली ओरिजिनल फाईल अन् उजवीकडं कॉम्प्रेस करून लहान केलेली. त्यावर एका भाऊची कमेंट आली:

"भाऊ, तुमचा तुलनेचा व्हिडिओ दोनदा पाहिला, मले तर डाव्या-उजव्यात काहीच फरक दिसला नाही. अन् तुम्ही म्हणता उजव्याची पार वाट लागली. वरून तो व्हिडिओच तुम्ही यूट्यूबवर टाकला, तिथं तो पुन्हा कॉम्प्रेस होते, मग तुलना कशाची? नुसतं डोळ्यानं ठरवण्यापेक्षा व्हीएमएएफ काढा ना, ते ओरिजिनलशी ताडून क्वालिटीले शंभरपैकी मार्क देते. माझ्याकडं याच सेटिंगला ९४ येते."

भाऊ, यूट्यूबचं तुमचं म्हणणं एकदम बरोबर आहे, ती चूक माझीच. अन् त्याच्याही आधी एक चूक झाली होती, ती तुमच्या ध्यानात नाही आली. मी १९२० रुंदीच्या दोन अख्ख्या फ्रेम शेजारी-शेजारी लावल्या, म्हणजे झाला ३८४० रुंदीचा पट्टा, तो लोकांनी पाहिला मोबाईलवर नाहीतर १३६६ च्या लॅपटॉपवर. प्लेअर तो पट्टा स्क्रीनमध्ये मावावा म्हणून दाबते, दाबताना आजूबाजूचे पिक्सेल एकमेकांत मिसळते, अन् कॉम्प्रेशननं केलेलं नुकसान नेमकं त्या दोन-चार पिक्सेलमध्येच असते. ते तिथंच पुसल्या गेलं. तुम्हाले फरक नाही दिसला यात तुमच्या डोळ्याचा काहीच दोष नाही.

म्हणून परवा सगळं पुन्हा पहिल्यापासून बनवलं. कसं केलं ते सविस्तर सांगतो, मग ९४ वर येतो.

माल तोच आहे, मंडईच्या जत्रेतलं रात्रीचं नाटक, झाडीपट्टीचं, पाच तासांचं. कॅमेऱ्यातली फाईल २४ एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ३ एमबी, पाच तासांचे ५४ जीबी झाले. मंडळाले पेनड्राइव्हवर द्यायची म्हणून २ एमबीपीएसवर आणली तर ती झाली साडेचार जीबी. आता साडेचार जीबीत काय गेलं हे पाहायचं तर अख्ख्या पाच तासांची तुलना करून काही फायदा नाही, जिथं व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या एन्कोडरची दमछाक होते तोच तुकडा घ्यावा लागते. आमच्या नाटकात तो तुकडा म्हणजे धुराचा सीन. निळा लाईट, मशीनचा धूर, मागं काळा पडदा अन् धुरातून नटीची एन्ट्री. उजेडातले विनोदी सीन २ एमबीपीएसमध्येही बरे निघते, मरते तो धूरच.

फ्रेम छोटी नाही करायची, कापायची. दोन्ही फाईलमधून एकाच जागेचा ६४० बाय ६४० चा चौकोन काढला, नटीचा चेहरा अन् तिच्या मागचा धूर येईल असा. दोन चौकोन मिळून १२८० बाय ६४०, आपल्या साध्या लॅपटॉपवर एकास एक मावते. ffmpeg प्रोग्रामची कमांड ही:

```
ffmpeg -ss 01:42:10 -t 12 -i asal.mts \
 -ss 01:42:10 -t 12 -i lahan.mp4 -filter_complex \
 "[0:v]setpts=PTS-STARTPTS,crop=640:640:700:200[a];
  [1:v]setpts=PTS-STARTPTS,crop=640:640:700:200[b];
  [a][b]hstack" -an -c:v libx264 -qp 0 \
 -preset ultrafast tulna.mkv
```

यात `-qp 0` काहून, तर तुलनेची फाईल बिनतोट्याची पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणता तसं तिसरंच कॉम्प्रेशन मधात घुसते अन् डाव्या बाजूलाही डाग पाडते. बारा सेकंदांची फाईल दीडशे-दोनशे एमबीच्या घरात जाते, जाऊ द्या. मोबाईलवर ही फाईल बहुतेक चालणार नाही, लॅपटॉपवर mpv प्लेअरमध्ये लावा अन् `Alt+1` दाबा, म्हणजे खिडकी फाईलच्या खऱ्या मापावर येते. फुल स्क्रीन करू नका, ते पुन्हा ताणते.

बारा सेकंदांचंही कारण आहे. x264 हा एन्कोडर काही वेगळं नाही सांगितलं तर जास्तीत जास्त २५० फ्रेमनंतर एक पूर्ण फ्रेम नव्यानं टाकते, सेकंदाला २५ फ्रेमच्या स्पीडनं हे झाले १० सेकंद. मधल्या काळात धूर हळूहळू मऊ-मऊ होत जाते अन् नवी फ्रेम आली की एकदम ताजा होते, पडद्याले कोणी टिचकी मारल्यासारखा. हा झटका पॉज करून कधीच दिसत नाही, अन् पाच सेकंदांच्या क्लिपमध्ये तो येईलच असं नाही. बारामध्ये एकदा तरी येतेच.

आणखी एक, लय लोक इथं चुकते. बारा सेकंदांचा तुकडा आधी कापून मग तो वेगळा कॉम्प्रेस करू नका. पाच तासांच्या फाईलमध्ये एन्कोडर बिटा वाटून देते, कोण्या सीनले जास्त, कोण्या सीनले कमी. एकट्या तुकड्याले त्यानं काय दिलं असतं ते अन् अख्ख्या नाटकात त्या तुकड्याच्या वाट्याले काय आलं ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिऱ्हाईकाच्या हातात जी फाईल जाते तिच्यातूनच तुकडा काढायचा.

आता सिंक. मले सगळ्यात जास्त वेळ इथंच लागला. कॅमेऱ्याच्या `.mts` फाईलमध्ये `-ss` नं उडी मारली की ती कधी-कधी एखाद-दोन फ्रेम मागं-पुढं पडते. धूर सावकाश हलते म्हणून नुसतं पाहून ते समजत नाही, पण नटीनं हात उचलला की डाव्या चौकोनात हाताची कड एका जागी अन् उजव्या चौकोनात दुसरीकडं, अन् आपण म्हणतो बघा कॉम्प्रेशननं हात फाटला! हे पकडायचं असंन तर `hstack` च्या जागी `blend=all_mode=difference` टाका, अन् दोन्हीकडं `crop=640:640:700:200` च्या नंतर `,format=gbrp` जोडा, ते नाही जोडलं तर अख्खा पडदा हिरवा दिसते अन् माणूस घाबरते. आता जिथं दोन्ही सारखे तिथं काळं, जिथं फरक तिथं उजेड. सिंक बरोबर असंन तर काळ्यात बारीक भुसा उडल्यासारखं दिसते. एक फ्रेम जरी हुकली तर हलणाऱ्या माणसाच्या कडा विजेच्या तारेसारख्या चमकते अन् स्थिर पडद्यावर काहीच नसते. माझं एक फ्रेमनं हुकलं होतं. २५ च्या स्पीडनं एक फ्रेम म्हणजे ०.०४ सेकंद, दुसऱ्या फाईलचा `-ss` तेवढा सरकवला अन् कडा विझल्या.

मग फरक काय दिसला? ओरिजिनलमध्ये धुरावर कॅमेऱ्याचे दाणे आहेत, अंधारात सेन्सर टाकतेच ते. एन्कोडर पहिले ते दाणे खाते, काहून की त्यांच्यावर बिटा जास्त जाते. दाणे गेले की धुराचा निळा उतार उघडा पडते अन् त्याच्या पायऱ्या होते, धानाच्या बांध्या वरून पाहिल्या तर कशा एकाखाली एक दिसते तशा. अन् व्हिडिओ चालू असताना त्या पायऱ्यांच्या कडा सरपटते. नटीच्या गालावर पावडरचा जो खरबरीतपणा आहे तो जाऊन गाल मेणासारखा होते. साडीचा लाल रंग मात्र दोन्हीकडं सारखाच पसरलेला आहे, तो कॅमेऱ्यानं रंग अर्ध्या मापात साठवल्यामुळं, त्याचा दोष माझ्या कॉम्प्रेशनवर टाकता येत नाही. शेजारी ओरिजिनल नसतं तर मी तोही टाकला असता.

आता इथं डोळा धोका देते, अन् तुमची शंका मले इथं पटते. मंडळातल्या एका नटाले दाखवलं, तो म्हणे "उजवा साफ आहे, तोच द्या". दाणे गेले म्हणून त्याले साफ वाटला. म्हणून "कोणता चांगला" असं विचारायचंच नाही, "कोणत्याच्या धुरात पायऱ्या आहेत, कोणता झटका खाते" असं विचारायचं. अन् कोणती बाजू कशाची हे पाहणाऱ्याले माहीत नसलं पाहिजे. मले माहीत होतं, म्हणून माझं मत मी मोजतच नाही. पुतण्याले बसवलं, त्याच कमांडमध्ये `[a][b]` च्या जागी `[b][a]` करून दुसरी फाईल बनवली, अन् नाणं उडवून जी निघंल ती, असं दहा वेळा दाखवलं. धुराच्या सीनमध्ये दहापैकी नऊ वेळा त्यानं कॉम्प्रेसची बाजू बरोबर सांगितली. नुसत्या अंदाजानं ठोकत गेलं तर नऊ किंवा दहा बरोबर यायची शक्यता शंभरात एक. उजेडातला विनोदी सीन दाखवला तर दहापैकी पाच, म्हणजे तिथं त्याले काहीच दिसत नव्हतं. म्हणजे २ एमबीपीएस सगळ्या नाटकाले वाईट आहे असं मी मागं लिहिलं होतं, ते चूक. धुराले वाईट आहे.

आता तुमचा ९४. तो आकडा खोटा नाही, पण सरासरी आहे. पाच तासांचे १८,००० सेकंद. धुराचा सीन धरा ४० सेकंदांचा. समजा त्या ४० सेकंदांत आकडा ९४ वरून ६० वर पडला, तरी सरासरी हलंन ०.०८ नं, तुम्हाले ९४ च दिसंन. अन् मंडळाचा माणूस फोन करते तो त्याच ४० सेकंदांसाठी. दुसरं, उतारावरच्या पायऱ्या व्हीएमएएफले नीट पकडता येत नाही, म्हणून तर ज्या नेटफ्लिक्सनं व्हीएमएएफ काढलं त्यांनीच पायऱ्या मोजायले २०२१ मध्ये CAMBI नावाचं वेगळं माप आणलं. माझं म्हणणं असं की आकडा काढा, पण फ्रेमवार काढा, जिथं तो सगळ्यात खाली जाते ते टाइम लिहून घ्या अन् त्याच जागेच्या तुलना बनवा. कुठं पाहायचं ते आकडा सांगते, काय बिघडलं ते डोळा सांगते. अन् धुरासारखा सीन आकड्यात वर आला नाही तरी पाहाच.

यूट्यूबवर टाकायचीच असंन तर आता मी चौकोन तिप्पट करून टाकतो, `hstack` च्या नंतर `,scale=iw*3:ih*3:flags=neighbor` लावून. एका पिक्सेलचे नऊ होते, त्यामुळं ठोकळे अन् तुटलेल्या कडा तिथल्या कॉम्प्रेशनमधूनही वाचते. धुराच्या फिक्या पायऱ्यांची मात्र खात्री नाही, तिथं यूट्यूब स्वतःच्या पायऱ्या घालते. म्हणून `tulna.mkv` ची ड्राइव्हची लिंक पोस्टच्या खाली दिली आहे, तीच पाहा, व्हिडिओवरून मत बनवू नका.

मंडळाची फाईल मी पुन्हा काढली, यावेळी बिटरेट न बांधता क्वालिटी बांधणारं `-crf 20` अन् सोबत `-x264-params aq-mode=3`, हा मोड अंधाऱ्या भागाले बिटा जास्त देते. फाईल सातच्या वर गेली, पेनड्राइव्ह १६ चा घ्यावा लागला. पायऱ्या पूर्ण नाही गेल्या, पण सरपटणं थांबलं, अन् पुतण्या दहापैकी सहावर आला.

तुमच्या ९४ वाल्या फाईलमध्ये धूर, पहाटेचं आभाळ नाहीतर काळा पडदा असा एखादा सीन असंनच. त्याचे बारा सेकंद वरच्या कमांडनं जोडून लिंक पाठवा, कोणती बाजू कोणती ते सांगू नका.