बेरीज बरोबर, गुणाकार चूक: फनेल रिपोर्टवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

> "टप्प्यांचे आकडे भागून बघा, दर जुळला नाही तर रिपोर्ट परत पाठवा, हा तुमचा सल्ला अर्धवट आहे. आमच्या पुण्यातल्या गृहप्रकल्पाचा जूनचा रिपोर्ट असा: लीड १,२००, क्वालिफाईड ४२०, साईट व्हिजिट १४७, बुकिंग २१. दर अनुक्रमे ३५, २८ आणि ९ टक्के. एजन्सीला विचारलं तर म्हणाले, दर फक्त जूनमध्ये आलेल्या लीडवर काढलेत, बेस वेगळा आहे. मला पटलं. एकूण दर १.७५ टक्के तर बरोबरच येतो. मग उगाच कीस काढून एजन्सीशी वाद कशाला?"

नमस्कार. पहिला मुद्दा तुमचा, आणि तो मान्य. "परत पाठवा" हे मी फार ठोकून लिहिलं. भागाकार जुळत नाही, म्हणजे १४७ भागिले ४२० हे ३५ टक्के येतं आणि रिपोर्टमध्ये २८ असतं, याचा अर्थ इतकाच, की आकडा आणि दर एकाच गटाचे नाहीत. दोन्ही आपापल्या जागी खरे असू शकतात. लेखात तशी दुरुस्ती करतो.

पण "बेस वेगळा आहे" हे उत्तर ऐकून थांबायचं नसतं. ते तपासता येतं, आणि तुम्ही दिलेल्या सात-आठ आकड्यांत त्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं आहे.

एकूण दर बरोबर येतो म्हणून तुम्ही निश्चिंत झालात. खरं तर गडबड तिथेच उघडी पडते. टप्प्याटप्प्याचे दर एकमेकांनी गुणले की एकूण दर यायला हवा. ०.३५ गुणिले ०.२८ गुणिले ०.०९ म्हणजे ०.८८ टक्के. रिपोर्टमध्ये आहे १.७५, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कारण १.७५ हा २१ ला १,२०० ने भागून आलेला आहे, जूनमध्ये *झालेल्या* बुकिंगचा. मधले दर मात्र, एजन्सीच्या म्हणण्यानुसार, जूनमध्ये *आलेल्या* लीडचे. एकाच तक्त्यात दोन हिशोब आहेत आणि कुठला कुठे संपतो ते लिहिलेलं नाही.

आता एजन्सीचं म्हणणं खरं धरून उलटा हिशोब करू. ४२० चे २८ टक्के म्हणजे ११८ व्हिजिट. दर पूर्णांकात लिहिलाय, म्हणून तो २७.५ ते २८.५ मधला काहीही असू शकतो. म्हणजे ११६ ते ११९. त्यांचे ९ टक्के धरले तर बुकिंग १० किंवा ११, तिसरा पर्याय बसत नाही. याचाच अर्थ, एजन्सी खरं बोलत असेल तर जूनच्या २१ बुकिंगपैकी १० किंवा ११ जणांची चौकशी १ जूनच्या आधीची असली पाहिजे, आणि १४७ व्हिजिटपैकी साधारण ३० व्हिजिट जुन्या लीडच्या.

एजन्सीच्या बाजूने एक गोष्ट आहे, तीही सांगतो. पहिला दर, ३५ टक्के, आकड्यांशी तंतोतंत जुळतो. लीड आली की टेलिकॉलर एक-दोन दिवसांत फोन करतो, म्हणून क्वालिफाईड होणं बहुतेक त्याच महिन्यात उरकतं. व्हिजिटला शनिवार-रविवार बघावा लागतो, बुकिंगला कर्जाची चौकशी, घरच्यांचं मत, दुसऱ्यांदा व्हिजिट. तफावत नेमकी जिथे वेळ लागतो तिथे सुरू होते आणि पुढे प्रमाणाने वाढत जाते: आकड्यांवरून येणारे ३५ विरुद्ध छापलेले २८, मग १४.३ विरुद्ध ९. जुन्या लीड मिसळल्या की असंच दिसतं. म्हणून स्पष्टीकरण संभाव्य आहे. सिद्ध मात्र नाही.

सिद्ध करायला २१ ओळींची यादी पुरते. एजन्सीकडे नव्हे, तुमच्या सेल्स टीमकडे मागा. बुकिंग फॉर्म त्यांच्याकडे असतो आणि चेकची किंवा ट्रान्सफरची तारीख कुणी मागेपुढे करत नाही. गूगल शीटमध्ये A रकान्यात लीड आल्याची तारीख, B मध्ये बुकिंगची, C मध्ये मोबाईल नंबर. मग:

```
=COUNTIFS(B:B,">="&DATE(2025,6,1),B:B,"<"&DATE(2025,7,1),A:A,"<"&DATE(2025,6,1))
```

(साल तुमचं घाला.) उत्तर १० किंवा ११ आलं तर एजन्सीचा शब्द खरा. ३ आलं तर जूनच्या लीडमधूनच १८ बुकिंग झाली, मग ९ टक्के कुठून आले हे त्यांनाच विचारायला हवं. १५ आलं तरीही त्यांचं म्हणणं पडतं, कारण मग जूनच्या लीडची बुकिंग उरतात ६ आणि दर पाचच्या आसपास येतो.

शून्य आलं तर मात्र लगेच फोन उचलू नका. सीआरएममधून, म्हणजे लीडच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढलेल्या फाईलमध्ये तारखा बऱ्याचदा मजकूर म्हणून येतात आणि `COUNTIFS` त्यांना तारीख म्हणून मोजत नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे शीटचं लोकेल अमेरिकेचं असणं. तेव्हा २५/०६/२०२५ ही तारीख मजकूर राहते, कारण पंचविसावा महिना नसतो; पण ०५/०६/२०२५ गुपचूप ६ मे होते. अर्धी यादी गायब आणि उरलेली भलत्या महिन्यात, तरी शीटला एकही लाल खूण नाही. File मधल्या Settings मध्ये जाऊन Locale भारताचं करा, फाईल पुन्हा आणा, आणि एका रिकाम्या रकान्यात `=AND(ISNUMBER(A2),ISNUMBER(B2))` खाली ओढून सगळीकडे `TRUE` येतंय ना ते बघा.

दुसरा सापळा लीडच्या तारखेचाच आहे, आणि घरांच्या धंद्यात तो हमखास असतो. एकच माणूस एप्रिलमध्ये प्रॉपर्टी पोर्टलवरून चौकशी करतो, जूनमध्ये जाहिरातीचा फॉर्म भरतो, मधे एखाद्या चॅनल पार्टनरबरोबर, म्हणजे दलालाबरोबर, येऊनही जातो. काही सीआरएम नवी नोंद करतात, काही जुन्या नोंदीवर नवी तारीख चढवतात. दोन्हीकडे तो "जूनची लीड" म्हणून दिसतो आणि जुन्या लीडची बुकिंग तुमच्या मोजणीत कमी भरतात. म्हणून २१ जणांचे नंबर मागच्या सहा महिन्यांच्या लीडच्या यादीत शोधा आणि सगळ्यात जुनी तारीख धरा. नंबर कुठे +91 लावून, कुठे शून्य लावून, कुठे मधे जागा सोडून लिहिलेले असतात, म्हणून आधी दोन्ही याद्यांमधले नंबर एकसारखे करून घ्या:

```
=RIGHT(REGEXREPLACE(TO_TEXT(C2),"\D",""),10)
```

दुबईचे ग्राहक असतील तर त्यांचे नंबर डोळ्यांनीच तपासा. तिथला मोबाईल देशाचा कोड धरून बारा आकडी आणि शून्य लावून लिहिला तर दहा आकडी होतो. शेवटचे दहा आकडे घेतले की एकाच माणसाचे दोन होतात.

यादीने एजन्सीचं म्हणणं खोडलं, तर माझा पहिला संशय सरासरीवर जाईल. समजा क्वालिफाईड लीड तीन ठिकाणांहून आल्या. पोर्टलच्या ३०० पैकी १२० व्हिजिटला आले, म्हणजे ४० टक्के. जाहिरातींच्या ६० पैकी १५, म्हणजे २५ टक्के. चॅनल पार्टनरच्या ६० पैकी १२, म्हणजे २० टक्के. बेरीज ४२० आणि १४७, तुमचेच आकडे. आता कुणी ४०, २५ आणि २० यांची सरळ सरासरी काढली तर येतात २८.३ टक्के, आणि रिपोर्टमध्ये छापले जातात २८. खरा दर ३५, कारण पोर्टलचं वजन बाकी दोघांपैकी प्रत्येकाच्या पाचपट आहे. म्हणजे २८ हा आकडा दोन अगदी वेगळ्या वाटांनी येऊ शकतो आणि नुसत्या आकड्याकडे बघून वाट कळत नाही.

पण सोर्सवार तक्ता मागितला की कळते, कारण मग त्याच पद्धतीने पुढचा दरही सुटला पाहिजे. वरच्याच विभागणीत २१ बुकिंग कशीही वाटून बघा, सरळ सरासरी ९ येतच नाही: पोर्टल २०, जाहिरात ०, पार्टनर १ केलं तर ८.३; पोर्टल १९, जाहिरात २, पार्टनर ० केलं तर ९.७, मधे काही नाही. ही विभागणी मी मनाने केलेली आहे, तुमची वेगळी असेल. मात्र कसोटी तीच: एका टप्प्याला लागू पडणारं स्पष्टीकरण पुढच्या टप्प्यावर लंगडं पडलं तर ते सोडून द्यायचं.

आता "कीस कशाला" याबद्दल. समजा एजन्सी पूर्ण खरी निघाली. तरीही ९ टक्के हा कच्चा आकडा आहे. २८ जूनला आलेल्या माणसाला रिपोर्ट निघेपर्यंत बुकिंग करायला वेळच कुठे मिळाला? लीड ते बुकिंग साधारण ४५ दिवस लागत असतील, तर जूनच्या लीडचा खरा दर ऑगस्टच्या मध्याआधी ठरत नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो कमीच दिसणार. आणि तुम्ही याच तक्त्यावरून पुढचं बजेट मागणार. महिन्याला ३० बुकिंग हवी असतील तर ०.८८ टक्क्यांनी सुमारे ३,४०० लीड लागतात आणि १.७५ टक्क्यांनी १,७१४. प्रत्येक लीडमागे पैसे जातात, त्यामुळे फरक दुप्पट खर्चाचा आहे. एजन्सीची फी जाहिरातखर्चाच्या टक्केवारीत असेल तर कुठला दर मीटिंगमध्ये पुढे येईल ते तुम्हीच ओळखा.

१.७५ वर बजेट बांधा असंही मी म्हणणार नाही. त्यात मे आणि एप्रिलच्या लीडची पुण्याई आहे. मेमध्ये मोठी जाहिरात केली असेल आणि जूनमध्ये हात आखडला असेल, तर भागाकारात वरचा आकडा जुन्या खर्चाचा आणि खालचा नव्या खर्चाचा. दर विनाकारण गोंडस दिसतो. बजेटसाठी पिकलेला गट घ्या: मार्चमध्ये आलेल्या सगळ्या लीड, त्यातल्या आजपर्यंत किती क्वालिफाईड झाल्या, किती व्हिजिटला आल्या, किती जणांनी बुकिंग केलं. तिथे आकडेही त्याच लीडचे आणि दरही त्यांचेच, म्हणून भागाकार आणि गुणाकार दोन्ही जुळतात. ते नाही जुळले तर मात्र माझा जुना, ठोकून दिलेला सल्ला वापरा आणि रिपोर्ट परत पाठवा.

वाद घालायची गरज नाही, एजन्सीला एवढंच लिहा: "प्रत्येक दराशेजारी त्याचा वरचा आणि खालचा आकडा द्या, आणि आकडे सीआरएममधून कुठल्या तारखेला काढले तेही लिहा." ९ टक्क्यांशेजारी "११८ पैकी ११, ३० जूनअखेर" असं छापलेलं असतं, तर तुम्हाला विचारावंच लागलं नसतं.

आणखी एक गोष्ट त्याच मेलमध्ये विचारून घ्या. ४२० हा आकडा क्वालिफाईड *झालेल्यांचा* आहे की आज क्वालिफाईड टप्प्यावर *उभ्या* असलेल्यांचा? सीआरएमचा बोर्ड दुसरा आकडा दाखवतो. तिथे व्हिजिट झालेला माणूस क्वालिफाईडच्या रकान्यातून निघून गेलेला असतो. चारही टप्पे आणि "लॉस्ट" यांची बेरीज करून बघा. ती महिन्यात आलेल्या एकूण लीडइतकी भरली तर ते आकडे बोर्डवरून उतरवलेले आहेत, आणि मग वरचं सगळं बाजूला ठेवून आधी टप्प्यांच्या तारखांवरून नवे आकडे काढून घ्यावे लागतील.