सोळाव्या वर्षी लर्निंग मिळतं, पण ते कुठल्या गाडीचं?

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घराघरात एकच विषय असतो, आता कॉलेज चिपळूणला, एसटी वेळेवर येत नाही, मग पोराला नाहीतर पोरीला स्कूटर घेऊन द्यायची का. माझ्या धाकट्या भावाच्या घरी पण दोन वर्षांपूर्वी हाच विषय होता. पुतणी नुकतीच सोळा पूर्ण झालेली, मार्गताम्हाण्याच्या बाजूला वरच्या वाडीत घर, आणि भाऊ म्हणाला, "दादा, सोळाव्या वर्षी लर्निंग निघतं ना, मग काढतो आणि ॲक्टिवा घेतो, बिनगिअरची तर आहे." हे वाक्य मी तेव्हापासून इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की म्हटलं एकदा सविस्तर लिहावंच, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यात बापाला कोर्टाची पायरी चढावी लागू शकते.

मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातलं कलम ४ बघा. गाडी चालवायचं वय १८. त्याला एकच सूट आहे, सोळा पूर्ण झालेल्या मुलाला ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालवता येते, आणि त्याच्या लर्निंगसाठी आईवडिलांची लेखी संमती लागते. घोळ असा होतो की कागदावर ‘विदाऊट गिअर’ दिसलं की लोकांना वाटतं बिनगिअरच्या सगळ्या गाड्या आल्या. तसं नाहीये. वय सोळा-सतरा असेल तर ५० सीसीची मर्यादा कायद्यातच आहे, कागदावर काही का लिहिलेलं असेना. आणि ॲक्टिवा, ज्युपिटर, डिओ या सगळ्या ११० सीसीच्या आसपासच्या आहेत, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. शोरूममध्ये ५० सीसीची नवी पेट्रोल स्कूटर तुम्हाला मिळणारच नाही. पूर्वी लुना असायची ५० ची, तेव्हा त्या सवलतीला काही अर्थ होता. आता जुनी लुना शोधून घ्या म्हणणारे पण भेटतात, पण पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची पुन्हा पासिंग, न मिळणारे पार्ट आणि ते एवढेसे ब्रेक घेऊन आपल्या उतारांवर मुलीला पाठवायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं, मी तरी पाठवणार नाही.

२०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९अ आलं, ते नीट वाचायला हवं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. लर्निंग असलेल्या मुलाच्या पालकांना यातून सूट आहे, पण ती कधी, तर मुलगा ज्या गाडीचं लर्निंग आहे तीच गाडी चालवत असेल तेव्हा. म्हणजे सोळाव्या वर्षीचं लर्निंग खिशात आणि बुडाखाली ११० सीसी, तर ती सूट गेली. विम्याचं पण तसंच. चालवणाऱ्याकडे त्या गाडीचं लायसन्स नसेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो, आणि समोरच्याला दिलेली भरपाई कंपनी नंतर मालकाकडून वसूल करू शकते. पन्नास हजारांची गाडी असो की लाखाची, समोरच्याची भरपाई त्याच्या कितीतरी पट असू शकते.

मग भावाने दुसरा पर्याय काढला, बॅटरीची गाडी, जिला लायसन्स नको, नंबर नको. तशी गाडी कायद्यात आहे, पण तिच्या अटी आहेत. मोटर २५० वॉटच्या आतली, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या वर नाही. एवढं सगळं बसलं तरच ती कायद्याने मोटार वाहन धरली जात नाही. सपाटीवर, गावातल्या गावात, बाजारात जायला ही गाडी चांगली आहे. आपल्या वाडीतून निघायला ती चालेल का, हा वेगळा प्रश्न.

मी भावासमोर कागदावर मांडून दाखवलं. मुलगी पन्नास किलो, दप्तर, आणि बॅटरीसकट गाडी, धरा एकूण १३०. शंभर मीटर पुढे जाताना आठ मीटर वर चढणारा रस्ता, म्हणजे आपल्याकडे अगदी साधा चढ. एवढं वजन तसल्या चढावर ओढायला साधारण १०० न्यूटन जोर लागतो. २५० वॉटातले चाकापर्यंत पोचतात दोनशेच्या आसपास. दोनशेला शंभरने भागलं की सेकंदाला दोन मीटर, म्हणजे ताशी सातेक किलोमीटर. झपझप चालणारा माणूस तिच्याबरोबर राहील. मोटर थोडा वेळ जास्त ताकद काढते हे खरं, पण चढ लांबला की तापते आणि कंट्रोलर करंट कमी करतो, मग गाडी अर्ध्या चढावर थांबते आणि मागून डंपर येत असतो. वीसेक किलोमीटरवरचं कॉलेज त्या गाडीने होत नाही.

आणि जर दुकानदार म्हणाला की ही बिननंबरची गाडी चढ पण मस्त चढते आणि पंचेचाळीसला पळते, तर तिथेच थांबायचं. २५ च्या वर पळते म्हणजे ती मोटार वाहन झाली, तिला नंबर पाहिजे, विमा पाहिजे, चालवणाऱ्याला लायसन्स पाहिजे, आणि यातलं काहीच नाहीये. कळणार कसं, तर मोबाईलवर जीपीएसचा स्पीड लावून सपाट रस्त्यावर स्वतः चालवून बघा, गाडीचा मीटर धरू नका. मोटरवरची पाटी वाचा, टेस्टिंगचं सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचं मॉडेल हेच आहे का ते ताडून बघा. सर्टिफिकेट एका मॉडेलचं आणि हातात गाडी दुसरी, किंवा स्पीडची वायर काढून देतो असं कुणी म्हणालं, की निघून यायचं.

तर आमच्याकडे ठरलं की दोन वर्षं एसटीचा पास, परतीला कधी भाऊ कधी मी. मुलगी रुसली, साहजिक होतं, वर्गातल्या अर्ध्या मुली गाडीवर येत होत्या. पण आता ती अठराची झाली, गेल्या महिन्यात विदाऊट गिअरचं लर्निंग आलं आणि यावेळी ते ११० ला पण चालतं. मग खरी निवड सुरू झाली.

तिला हवी होती १२५ ची स्पोर्टी, एनटॉर्क. गाडी वाईट नाही, पण वजन ११८ किलो, आणि ज्युपिटर ११० साधारण १०६. बारा किलो कागदावर कमी वाटतात. म्हणून शोरूमवाल्याला सांगितलं की चालवायची नंतर, आधी बंद गाडी बाहेरच्या उतारावर उभी कर. मुलगी पाच फूट एक इंच. आधी बसून दोन्ही पाय टेकवायचे, तेही रोजच्या चपलेवर. मग उतरून गाडी हातांनी मागे चढावर ढकलायची. मग मेन स्टँडला लावायची. जड गाडीला ती मागे ढकलताना हँडल वळलं आणि गाडी कलली, शोरूमच्या पोराने धरली म्हणून बरं. हलकीला तिने एकटीने सगळं केलं. नवखा माणूस गाडी पाडतो तो बहुतेक वेळा पळत्या गाडीवरून नाही, गेटमध्ये, पार्किंगमध्ये, खडीत वळवताना पाडतो, आणि तिथे हॉर्सपॉवर काही कामाची नाही. ताकदीचं म्हणाल तर ११० ला आठच्या आसपास आहे आणि १२५ ला नऊ-साडेनऊ, एकटीला आपल्या रस्त्यावर आठ भरपूर झाली. सत्तर-ऐंशी किलोची दोन माणसं रोज घाट चढणार असतील तर १२५ चा विचार करा, तो हिशोब वेगळा.

दुसरं बघितलं चाक. ज्युपिटरला पुढे-मागे दोन्ही चाकं बारा इंची आहेत, बऱ्याच स्कूटरना मागचं दहा इंची असतं. आपल्याकडे पावसाळ्यानंतर खड्डे कसे असतात ते सांगायला नको, लहान चाक खड्ड्यात बसतं, मोठं त्यावरून निघून जातं. म्हणून मी ज्युपिटरच्या बाजूने कौल दिला.

ब्रेकचं मात्र मुलीला बसवून समजावलं. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना आता सीबीएस असतं, म्हणजे डावा लिव्हर दाबला की मागचा आणि थोडा पुढचा, दोन्ही लागतात. उजवा फक्त पुढचा. जांभ्याची बारीक खडी, शेवाळलेला काँक्रीट उतार, पहिल्या पावसातला लाल चिखल, इथे वळणात उजवा कचकन दाबला की पुढचं चाक सरकतं आणि पडल्यावरच कळतं. हँडल सरळ असताना डावा आधी, मग हळू उजवा, वळणाच्या आत नव्हे, वळणाच्या आधी.

आणि उतारावर इंजिन बंद करायचं नाही म्हणजे नाही. पेट्रोल वाचवायला लोक चावी फिरवून गाडी सोडतात. स्कूटरला गिअर नाही त्यामुळे इंजिनची ओढ आधीच कमी, बंद केलं की तीही गेली, आणि सगळा भार ब्रेकवर. लांब उतारावर ब्रेक धरूनच ठेवला तर ड्रम तापतो, लिव्हर जास्त आत जायला लागतो, जळका वास येतो आणि गाडी थांबेनाशी होते. दाबा, वेग कमी करा, सोडा, परत दाबा. वास आला तर बाजूला घेऊन दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, वर पाणी ओतायचं नाही.

सध्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावलाय आणि मागे भाऊ बसतो, कारण लर्निंगवर असताना पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा सोडून दुसऱ्या कुणाला मागे बसवता येत नाही. मैत्रिणीला कॉलेजपर्यंत सोडणं बंद, यावरून घरात एकदा चांगलीच वादावादी झाली. लर्निंग सहा महिने चालतं, तीस दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते. माझं मत आहे की तिने लगेच देऊ नये, आधी एक पाऊस वडिलांना मागे बसवून काढावा. भावाला हे पटलेलं नाही, त्याला पुढच्याच कॅम्पला नंबर लावायचाय. तुमच्यापैकी ज्यांच्या मुलामुलींनी लर्निंगवर पावसाळा काढलाय त्यांनी खाली लिहा, भावाला दाखवतो.