डिस्चार्ज

आत्ता रात्रीचे साडेदहा वाजलेत, बाबा झोपलेत आणि मी सकाळपासून दाबून ठेवलेला राग इथे काढतेय. पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगते.

बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नी रिप्लेसमेंट, चार दिवसांपूर्वी. ऑपरेशन उत्तम झालं, सर्जन खरंच चांगले आहेत, त्याबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही. आज सकाळी ९:२० ला राउंडला आले, पट्टी बघितली, बाबांना चार पावलं चालवलं आणि म्हणाले, "काका, आज घरी." बाबा इतके खूष झाले की लगेच अंघोळ, घरचे कपडे, बॅग भरून काठीसकट पलंगाच्या कडेला बसले. आम्ही गाडीत बसलो तेव्हा पाच वाजले होते. संध्याकाळचे पाच! सात तास चाळीस मिनिटं!!

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहितीये की मी सर्व्हिस मार्केटिंग शिकवते. दरवर्षी फळ्यावर सात पी लिहिते, म्हणजे काहीही विकताना ज्या सात गोष्टी बघाव्या लागतात त्या. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन हे मॅकार्थी नावाच्या मार्केटिंगच्या प्राध्यापकाचे १९६० चे चार. साबण, पंखा, गाडी, जे हातात धरता येतं ते विकायला चार पुरले. मग १९८१ मध्ये बूम्स आणि बिटनर या दोघांनी म्हटलं की सेवेला हे पुरत नाहीत, त्यात पीपल, प्रोसेस आणि फिजिकल एव्हिडन्स धरा, म्हणजे माणसं, कामाची पद्धत आणि डोळ्यांना दिसणारा पुरावा. कारण सेवा आधी बनवून गोदामात ठेवता येत नाही, ती गिऱ्हाइकाच्या समोर, त्याच्या अंगावरच घडते. हे मी इतकी वर्षं सांगतेय, पण आज बाबांच्या शेजारच्या स्टुलावर बसून ते पहिल्यांदा नीट दिसलं.

या हॉस्पिटलच्या लॉबीचं नुकतंच नूतनीकरण झालंय. भिंतीवरून पाणी वाहतं, मंद दिवे, सोफे असे की बसलं की उठवत नाही. (नी रिप्लेसमेंटच्या पेशंटला तर त्यातून खरंच उठता येत नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नसावं.) मान्य आहे, फिजिकल एव्हिडन्स लागतो. ऑपरेशन चांगलं झालं की नाही हे पेशंटला नंतरसुद्धा कळत नाही, आत काय बसवलंय ते तो उघडून बघू शकत नाही, म्हणून तो फरशी बघतो, बाथरूम बघतो, चादरीवरचा डाग बघतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. स्वच्छता हवीच. पण पाण्याची भिंत बांधायला पैसे होते आणि एक कागद चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावर वेळेत न्यायला पद्धत नव्हती, याचं काय करायचं?

हो, कागदच. मी दिवसभर त्या कागदाच्या मागे फिरले म्हणून सांगू शकते. डिस्चार्ज समरी लिहितात ज्युनिअर डॉक्टर. ते राउंडला मोठ्या डॉक्टरांच्या मागे होते, बाबांनंतर अजून चौदा पेशंट होते, मग दोघंही ऑपरेशन थिएटरमध्ये. समरी १२:१० ला लिहून झाली, सही १२:५० ला. सही झाल्याशिवाय उरलेली औषधं फार्मसीला परत जात नाहीत, ती गेली, त्याची एंट्री दीडला झाली. एंट्री झाल्याशिवाय फायनल बिल निघत नाही. बिल २:२० ला निघालं, कारण फिजिओथेरपीची शीट खाली आलीच नव्हती. बिलाशिवाय विमा कंपनीला फाइल जात नाही. ती गेली आणि ३:४० ला तिकडून प्रश्न आला, इम्प्लांटचा स्टिकर कुठाय? गुडघ्यात जो सांधा बसवतात त्याच्या डब्यावर नंबराचे स्टिकर असतात, त्यातला एक फाइलला लावतात. तो ऑपरेशनच्या दिवसापासून फाइलमध्येच होता हो! स्कॅन करायचा राहिला होता. ३:५५ ला पाठवला, ४:२५ ला मंजुरी, मग पैसे, गेट पास, व्हीलचेअर.

आता हिशोब बघा. समरी लिहायला लागली पंचवीस मिनिटं, औषधं मोजून परत घ्यायला पंधरा, बिलाला वीस, काउंटरवर दहा, सिस्टरनी औषधं समजावायला दहा. झाली एक तास वीस मिनिटं. विमा कंपनीने घेतलेला वेळ एक तास पन्नास, तो हॉस्पिटलच्या हातात नाही, चला सोडला. उरलेले साडेचार तास कोणीही काहीही करत नव्हतं. कागद नुसता पडून होता, कधी या टेबलावर, कधी त्या. कोणी कामचुकार नव्हतं, सगळे पळत होते. पण प्रत्येक पायरी आधीची संपायची वाट बघत होती आणि एकूण किती वेळ गेला हे बघणं कोणाचंच काम नव्हतं.

आणि बाबा? बाबा पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसलेले. मी म्हटलं आडवे व्हा, तर म्हणाले, "अगं बोलावतील आत्ता, परत उठायचं म्हणजे त्रास." दोन वाजेपर्यंत पाऊल एवढं सुजलं की चप्पल जाईना. जेवणाचा ट्रे आला नाही, कारण किचनच्या यादीतून त्यांचं नाव सकाळीच काढलं होतं. दुखण्याची दोनची गोळी नव्हती, कारण वॉर्डमधली त्यांची औषधं दीडलाच फार्मसीला परत गेली होती. म्हणजे सिस्टिममध्ये बाबा घरी गेलेले होते, आणि प्रत्यक्षात माझ्यासमोर दात आवळून बसलेले. लिहितानाही हात थरथरतोय माझा.

मी खाली बिलिंगला गेले आणि तिथल्या मुलीवर ओरडले. सगळ्यांसमोर. ती म्हणाली, "मॅडम, मी चेक करते," आणि तिने खरंच चेक केलं, फिजिओला तिनेच फोन लावला. नंतर तिथे उभी राहिले तेव्हा बघितलं, दर पाच मिनिटांनी कोणीतरी माझ्यासारखंच येऊन तिच्यावर ओरडत होतं. ती यातल्या एकाही पायरीची मालक नव्हती. समरी तिच्या हातात नाही, फार्मसी नाही, विमा नाही, फक्त तोंड तिचं दिसतं म्हणून तिला. अशा तक्रारी वाढल्या की हॉस्पिटलं काय करतात माहितीये ना, स्टाफला सॉफ्ट स्किल्सचं ट्रेनिंग. हसून बोला, नमस्कार करा. अरे पण दुखणं प्रोसेसचं आणि औषध पीपलला कशाला देताय? निघताना मी तिला सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "असू दे मॅडम, रोजचंच आहे." ते जास्त लागलं.

प्रोसेस बिघडली की बाकीचे पी कसे आपोआप बिघडतात तेही सांगते. त्या हॉस्पिटलचा नियम असा की बारानंतर खोली सोडली तर अर्ध्या दिवसाचं भाडं. पहिल्या बिलात ते लावलेलं होतं! उशीर त्यांचा, भाडं आमचं. मी दाखवल्यावर काढलं, वाद घातला नाही, ठीक. पण जो बघणार नाही तो भरणारच ना. छापील दर तोच, पण पेशंटला पडलेली किंमत वेगळी, आणि ती ठरवली कोणी, तर एका न झालेल्या सहीने. दर पत्रकावर कितीही काटेकोर चर्चा करा, प्राइस तिथे ठरतच नाही.

सगळ्यात वाईट मात्र पुढचं. फार्मसीला जाताना इमर्जन्सीच्या दारावरून जावं लागतं. तिथे एक आजी ट्रॉलीवर होत्या, सलाईन लावलेलं, आणि त्यांची मुलगी विचारत होती की वर बेड कधी मिळेल. उत्तर मिळालं, "चौथ्या मजल्यावर डिस्चार्ज चालू आहेत, झाले की देतो." चौथा मजला म्हणजे आमचाच. ज्या बेडवर माझे बाबा घरचे कपडे घालून, डॉक्टरांची काहीही गरज नसताना, नुसते बसले होते, तसलाच एक बेड त्यांना हवा होता. हॉटेलची रिकामी खोली, विमानाची रिकामी सीट, हीच उदाहरणं मी वर्गात देते, की सेवा साठवता येत नाही, गेलेला तास गेला. रिकामी नसून अडलेली खोली हे उदाहरण मी कधी दिलंच नाही.

हे सुधारता येत नाही असं कोणी सांगू नका. अॅडमिट करतानाच जाण्याची अंदाजे तारीख फाइलवर लिहायची, नी रिप्लेसमेंटमध्ये ती बहुतेक वेळा आधीच सांगता येते. समरीचा मसुदा आदल्या संध्याकाळी, सकाळी फक्त आजची तपासणी आणि सही. नको असलेली औषधं आदल्या रात्री परत, पण निघेपर्यंतचे डोस वॉर्डमध्येच ठेवून. बिल रोजच्या रोज जुळवायचं, म्हणजे फिजिओची शीट हरवलीय हे तिसऱ्याच दिवशी कळतं. स्टिकर ऑपरेशनच्या दिवशीच स्कॅन. आणि राउंडला घरी जाणारे पेशंट आधी बघायचे. हो, एखाद्याला रात्री ताप येतो आणि ठरलेला डिस्चार्ज पुढे जातो, केलेलं काम वाया जातं, जाऊ दे ना! आणि एवढं जमत नसेल तर निदान पेशंटला सांगा की किती वाजतील. "तीन वाजतील" असं कोणी दहा वाजता म्हटलं असतं तर बाबा निवांत आडवे झाले असते, पाय उशीवर घेऊन.

सकाळच्या सिस्टरना बाबांचं सगळं पाठ होतं, रक्त पातळ ठेवायची गोळी कधी, पाय किती वाकवायचा, सगळं. त्या दोनला ड्युटी संपवून गेल्या. जाताना बाबांना म्हणाल्या, "काका, मला वाटलं मीच तुम्हाला खाली सोडायला येणार." समजावून सांगायचं काम आलं संध्याकाळच्या सिस्टरकडे, ज्यांनी बाबांना आजच पहिल्यांदा बघितलं. दहा मिनिटांत सांगितलं, नीटच सांगितलं बिचारीने, पण बाबा तोवर इतके दमले होते की त्यांनी फक्त मान हलवली. माझंही अर्धं लक्ष गेट पासकडे.

घरी येऊन गोळ्या लावायला बसले तर त्या रक्त पातळ करायच्या गोळीपुढे रात्रीचा रकाना रिकामा आणि मला आठवतंय की सकाळच्या सिस्टर रात्रीची म्हणाल्या होत्या. फाइलवरच्या नंबरला फोन केला तर आधी हेल्थ चेकअप पॅकेजची माहिती, मग अपॉइंटमेंट, वॉर्ड कुठेच नाही. मेसेज मात्र गाडीत बसल्याबसल्या आला होता, फीडबॅक द्या म्हणून. अकरा प्रश्न. खोली, स्वच्छता, स्टाफचं वागणं, जेवणाची चव. वेळेबद्दल एकही नाही. शेवटच्या रिकाम्या चौकटीत मी वरच्या सगळ्या वेळा लिहिल्या, ९:२० पासून, एकेक करून, आणि खाली गोळीचा प्रश्न.

पावणेदहाला फोन आला. वॉर्डमधूनच, त्या संध्याकाळच्या सिस्टरचा, ड्युटी संपवून निघता निघता केलेला. फीडबॅक त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता, त्यांनाच आठवलं होतं की काका नीट ऐकत नव्हते. गोळी रात्रीचीच आहे. दिली.