फीड म्हणजे पाणी नव्हे: राइल्स ट्यूब आणि चढतं सोडियम

“दिवसाला बाराशे मिली फीड जातंय, शिवाय सलाईनची एक बाटली. पाणी भरपूर आहे. सोडियम वाढलं म्हणजे मीठ जास्त होतंय. फीडमधलं मीठ बंद करा, नळी धुवायला ५० मिली पुरे.”

राइल्स ट्यूबवर, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या फीडच्या नळीवर, असलेल्या रुग्णाच्या रक्तातलं सोडियम वाढलं की असा हिशेब ऐकू येतो. त्यातलं आधी मिठाचं पाहू, कारण घरचे सगळ्यात जास्त विश्वास त्यावर ठेवतात. ६८ वर्षांचे, ६० किलो वजनाचे, पक्षाघातानंतर नळीवर असलेले एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. पाच दिवसांत त्यांचं सोडियम लिटरला १४१ मिलीमोलवरून १५४ झालंय. वयस्कर पुरुषाच्या शरीरात वजनाच्या साधारण निम्मं पाणी असतं, म्हणजे इथे ३० लिटर. निव्वळ मिठामुळे एवढ्या पाण्यातलं सोडियम १३ ने वाढायचं तर जवळपास २३ ग्रॅम मीठ अंगात साठून राहायला हवं, आणि मूत्रपिंडांनी त्यातलं काहीच बाहेर टाकायला नको. फीडमधल्या चिमूटभर मिठाने हे घडत नाही. या माणसाला तहान लागली तरी सांगता येत नाही आणि उठून पाणी घेता येत नाही. पाणी कमी पडतं आणि वाढ बहुधा तिथूनच होते.

गंमत म्हणजे फीडमधलं मीठ बंद करणारे सलाईन चालूच ठेवतात. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि त्यातलं सोडियम लिटरला १५४ मिलीमोल असतं, नेमकं या रुग्णाच्या रक्ताइतकं. त्याने रक्त पातळ होणार कसं? रक्तदाब खचलेला असेल तर आधी सलाईनच द्यावं लागतं, ते बरोबरच आहे. पण सोडियम उतरवायला लागणाऱ्या पाण्याच्या हिशेबात ते धरायचं नाही.

आता फीड. मिलीलिटरला दीड कॅलरीच्या तयार फीडमध्ये पाणी साधारण ७६ टक्केच असतं, बाकी जागा प्रथिनं, साखर आणि तेलाची. म्हणजे १,२०० मिलीतून पाणी मिळालं ९१० मिली. एक कॅलरीवालं फीड असेल तर हे प्रमाण ८४ टक्क्यांच्या आसपास जातं. पावडर घोळून देत असाल तर आत किती पाणी घातलं ते मोजून लिहा, तयार झालेला पेला मोजू नका. आपल्या रुग्णाला सहा फीडनंतरचे ५० मिली मिळून ३०० आणि औषधांबरोबरचे सुमारे १०० मिळतात. एकूण १,३१०. किलोला ३० मिली धरलं तरी गरज १,८०० ची आहे. रोज पाचशेच्या आसपास तूट, पाच दिवसांची अडीच लिटर, आणि ताप असेल तर आणखी.

झालेली तूट अशी काढतात:

```
शरीरातलं पाणी × (सोडियम ÷ 140 − 1)
30 × (154 ÷ 140 − 1) = 3 लिटर
```

हे तीन लिटर एका दिवसात ओतायचे नाहीत. सोडियम हळूहळू चढलेलं असताना ते वेगाने उतरवलं तर मेंदूला सूज येऊ शकते, म्हणून २४ तासांत १० पेक्षा जास्त उतरू द्यायचं नाही. इथे तीन दिवसांत भरून काढणं सोयीचं: रोजचे १,८०० अधिक १,०००, म्हणजे २,८०० मिली पाणी. त्यातून फीडचे ९१० आणि औषधांचे १०० वजा केले की उरतात सुमारे १,८००. ते सहा वेळा ३०० मिली. सगळं फीडच्या पाठोपाठ दिलं तर पोट तुडुंब होऊन उलटी फुफ्फुसात जायची भीती असते. म्हणून नळी धुवायला ५० आणि दोन तासांनी उरलेले २५०, डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवून. चार्टवर एकूण द्रव ३,१०० मिली दिसेल, पण त्यातलं पाणी २,८०० आहे. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असेल तर हे आकडे तसेच उचलू नयेत. १५४ सोडियमचा रुग्ण घरी असेल तर आधी डॉक्टरांना कळवा, पाणी आपल्या मनाने वाढवू नका. नळीतून एवढं पाणी पोटाला सोसत नसेल तर ते शिरेतून ५ टक्के डेक्स्ट्रोजने देतात.

सुरुवातीला दर ६ ते १२ तासांनी सोडियम तपासायला हवं. १४५ च्या खाली आलं की जादा लिटर बंद, पण पुन्हा ५० मिलीवर जायचं नाही. १,८०० मधून ९१० आणि १०० गेले की ७९० उरतात, म्हणजे दर वेळी सुमारे १३० मिली. ५० वर परतलात की आठवड्याभरात तोच आकडा पुन्हा दिसेल.

आणि एवढं देऊनही सोडियम उतरत नसेल तर लघवी मोजा. भरपूर होतेय म्हणून निश्चिंत होऊ नका. रक्तातली साखर चढलेली असली किंवा फीडमध्ये प्रथिनं फार असली, तर साखर आणि युरिया लघवीतून बाहेर पडताना पाणी ओढून नेतात. सूत्रातले तीन लिटर आजवरच्या तुटीचे आहेत, हे रोज गळणारं पाणी त्यात धरलेलं नाही. ते वेगळं मिळवावं लागतं आणि साखर आटोक्यात आणावी किंवा फीड बदलावं लागतं.