‘दुसऱ्या वेळी बघू’ म्हणे! अँटी-डीच्या फॉरवर्डला उत्तर

*“निगेटिव्ह ग्रुपच्या गरोदर बायकांना अँटी-डी इंजेक्शन टोचणं हा निव्वळ धंदा आहे. आपल्या आज्यांना कुणी दिलं होतं? पहिल्या बाळाला तर डॉक्टर स्वतःच म्हणतात काही होत नाही. मग दुसरं बाळ हवं असेल तेव्हा बघू. शिवाय ते दुसऱ्यांच्या रक्तापासून बनतं. रोज गुळवेल आणि बिटाचा रस घ्या, रक्त आपोआप शुद्ध होतं. 10 जणींना पाठवा.”*

हा मेसेज माझ्या मावसबहिणीला तिच्या चुलत सासूबाईंनी पाठवला. ती बी निगेटिव्ह, नवरा ओ पॉझिटिव्ह, 28 वा आठवडा चालू आणि गुरुवारी इंजेक्शन ठरलेलं. रात्री साडेदहाला फोन, “ताई, आत्ता नको, पुढच्या बाळाच्या वेळी घेतलं तर चालेल का गं?” मी 14 वर्षं रक्तपेढीत टेक्निशियन आहे, त्यामुळे तिला फोनवर जे बोलले तेच इथे जरा सभ्य शब्दांत टाकतेय.

गुळवेल-बिटावर मी बोलणार नाही. आजीचं मात्र सांगते. आजीला एकदा विचारा, किती झाली आणि किती जगली. “एक पोटातच गेलं, एक तिसऱ्या दिवशी पिवळं पडून गेलं” हे आपल्याकडे इतक्या घरांत ऐकू येतं, त्यातली सगळी आरएचमुळे, म्हणजे आई-बाळाच्या रक्तगटातल्या निगेटिव्ह-पॉझिटिव्ह फरकामुळे, गेली असं मी म्हणत नाही, पण कुणी तपासलंच नाही तर कळणार कसं? इंजेक्शन बाजारात आलं 1968 मध्ये, त्याआधी द्यायला काही नव्हतंच.

आता खरी घाण आहे ती ‘दुसऱ्या वेळी बघू’ मध्ये, कारण ते अर्ध्या खऱ्यावर उभं आहे. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही, बरोबर. बाळाचं रक्त आईच्या रक्तात जास्त करून मिसळतं ते डिलिव्हरीच्या वेळी, वार सुटताना. आईचं शरीर त्या पॉझिटिव्ह पेशी परक्या म्हणून ओळखतं आणि त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवायला लागतं, पण त्याला काही आठवडे जातात, तोवर बाळ बाहेर येऊन पाळण्यात झोपलेलं असतं. पण ओळख पटलेली राहते, आणि ती जन्मभर राहते. पुढचं बाळ पॉझिटिव्ह असेल तर अँटीबॉडी झपाट्याने वाढतात, वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि त्याच्या लाल पेशी फोडायला लागतात. अँटी-डीचं काम म्हणजे आईच्या शरीराने ओळख करून घ्यायच्या आत त्या पेशी गायब करणं (नेमकं कसं यावर तज्ज्ञांत अजून चर्चा आहे, पण होतं हे नक्की). एकदा अँटीबॉडी तयार झाली की इंजेक्शनचा काहीच उपयोग नाही. म्हणजे अँटीबॉडी झालेली असताना ‘दुसऱ्या वेळी’ हे इंजेक्शन घ्यायला गेलात तर डॉक्टर म्हणणार, आता देऊन फायदा नाही. ते दुसऱ्या बाळासाठीचं इंजेक्शन आहे पण घ्यायचं पहिल्या वेळी, एवढी साधी गोष्ट आहे.

एक केस सांगते, नाव-गाव सोडून. बाई ए निगेटिव्ह, पहिली डिलिव्हरी गावाकडे, मुलगी ठणठणीत, ‘मुलीला काही झालं नाही ना’ म्हणून इंजेक्शन राहिलं. चार वर्षांनी दुसऱ्या वेळी 24 व्या आठवड्यात पहिल्यांदा आयसीटीचं, म्हणजे आईच्या रक्तात अशा अँटीबॉडी आहेत का ते बघायच्या टेस्टचं, सॅम्पल आमच्याकडे आलं. या टेस्टमध्ये आईचं सीरम घेऊन त्यात ओ पॉझिटिव्ह पेशी टाकतो, 37 डिग्रीला ठेवतो, सलाईनने तीनदा धुतो, मग अँटीबॉडी चिकटलेल्या पेशींच्या गुठळ्या करणारं कूम्ब्स सीरम घालून फिरवतो. ट्यूब हलकेच हलवली की निगेटिव्ह असेल तर तळाचं लाल बटण विरघळून सारखं होतं. हिच्या ट्यूबमध्ये ते बटण अख्खंच्या अख्खं सुटलं, एकच गुठळी. मग सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत गेलो तरी 1:256 पर्यंत गुठळ्या. 1:16 किंवा 1:32 झालं की डॉक्टर सावध होतात, यावरून समजा.

सोनोग्राफीवाल्यांनी डॉपलर लावून बाळाच्या मेंदूच्या रक्तवाहिनीतला वेग बघितला, वेग वाढला होता म्हणजे रक्त कमी. मोठ्या सेंटरला पाठवलं, तिथे पोटातूनच सुई घालून नाळेतून बाळाला रक्त द्यायचं ठरलं. ओ निगेटिव्ह, ताजं, घट्ट केलेलं रक्त, आणि लोकांना हे विचित्र वाटतं, पण रक्त बाळाला असलं तरी मॅच करावं लागतं आईच्या सीरमशी, कारण हल्ला तिच्या अँटीबॉडीचा असतो. असं दोनदा केलं. 34 व्या आठवड्यात बाळ झालं आणि काही तासांत पिवळं. पोटात असताना फुटलेल्या पेशींचं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, आईचं शरीर काढून टाकत असतं, बाहेर आल्यावर बाळाचं कच्चं लिव्हर एकटं पडतं. ते बिलिरुबिन मेंदूत गेलं तर ऐकू जाणं कमी होतं, हातपाय कायमचे वाकडे-तिकडे हलत राहतात. म्हणून बदली रक्त, थोडं थोडं काढायचं तेवढंच घालायचं, बाळाच्या अंगातल्या रक्ताच्या दुप्पट होईपर्यंत. बाळ वाचलं. आईवडिलांचा खर्च इंजेक्शनच्या किमतीच्या किती पट झाला ते मोजायला मी गेले नाही. काहींच्या बाळाला अंगात पाणी भरतं आणि ते पोटातच जातं.

“माझ्या वहिनीने नाही घेतलं, तिला काय झालं?” असंही कुणीतरी लिहिणारच. असेल. इंजेक्शन न घेता 100 जणींपैकी साधारण 16 जणींमध्ये अँटीबॉडी तयार होते, बाकीच्या सुटतात. तुमची वहिनी सुटली. डिलिव्हरीनंतर दिलं की हे प्रमाण 1-2 वर येतं, 28 व्या आठवड्यातलाही डोस घेतला तर त्याहून खाली. 1997 च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये दहा हजारांहून जास्त बायकांवरच्या सहा चाचण्या एकत्र केल्या होत्या, डिलिव्हरीनंतरच्या इंजेक्शनने सहा महिन्यांनी अँटीबॉडी सापडण्याचं प्रमाण 96 टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. धंदा असता तर असा आकडा आला नसता.

दुसऱ्यांच्या रक्ताचं म्हणता? हो, बरंचसं अँटी-डी माणसाच्या प्लाझ्मापासून बनतं, आणि आयर्लंडमध्ये 1970 च्या दशकात दूषित अँटी-डीतून बायकांना हिपॅटायटिस सी झाला, 1994 मध्ये ते उघड झालं. हे खोटं नाही. त्यानंतर तपासण्या आणि व्हायरस मारायच्या पायऱ्या आल्या, आणि भारतात प्लाझ्माशिवाय लॅबमध्ये बनवलेलंही मिळतं. आणि हो, सगळ्यांनाच लागतं असंही नाही. बाळाचे वडीलही खरोखर निगेटिव्ह असतील तर नाही लागत, आणि जन्मानंतर बाळ निगेटिव्ह निघालं तर डिलिव्हरीनंतरचा डोस नाही. पण गर्भपात झाला, करवून घेतला, किंवा पोटावर मार लागला तर डॉक्टरांना लगेच आपला ग्रुप सांगा, तिथेही लागू शकतं आणि तिथेच सगळ्यात जास्त राहून जातं. डिलिव्हरीनंतर 72 तासांच्या आत घ्यायचं, पण राहिलंच तर 10 दिवसांपर्यंतही द्यावं, उशीर झाला म्हणून सोडू नका.

मावसबहिणीला शेवटी एवढंच सांगितलं, गुरुवारी आधी आयसीटीचं रक्त दे, मग इंजेक्शन घे. उलटं केलंस तर टोचलेलीच अँटी-डी ट्यूबमध्ये गुठळ्या करणार आणि माझ्यासारखं कुणीतरी तुला उगाच घाबरवणार. आणि फाईलच्या पहिल्या पानावर तारीख आणि डोस लाल पेनने लिहून घे. “आणि सासूबाईंना काय सांगू?” म्हणाली. म्हटलं, त्यांना म्हणावं बिटाचा रसही घेतेय, लोह असतं त्यात थोडं.